मत्सर वाटतो म्हणजे प्रेम खरं?

«ज्याचं प्रेम खरं, त्यालाच मत्सर वाटतो. लपवण्यासारखं काही नसेल तर फोन दाखवायला काय हरकत आहे?»

मत्सरातून कळते ती गमावण्याची भीती, प्रेमाची खोली नव्हे. नातं तुटण्याची धास्ती ज्यांना मुळातच जास्त असते, त्यांना तो अधिक छळतो. तो इतका तीव्र का? धोका खरा की कल्पनेतला हे ठरायच्या आधीच शरीर सावध होतं: छाती धडधडते, पोटात गोळा येतो. मग मन अर्धवट माहितीतल्या रिकाम्या जागा वाईटात वाईट शक्यतेने भरतं.

फोन तपासल्याने क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, आणि इथेच सगळं बिघडतं. प्रत्येक तपासणीत नवं अर्धवट काहीतरी सापडतं. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या 2009 च्या अभ्यासातही फेसबुकवर जास्त वेळ आणि जास्त मत्सर यांचा संबंध दिसला होता.

समजा, ती ऑफिसच्या पार्टीहून उशिरा आली, मेसेजला उत्तर नव्हतं. दारातच उलटतपासणी नको. धडधड शांत होऊ द्या, वीसेक मिनिटं तरी. मग घडलेलं, वाटलेलं आणि मागणं, याच क्रमाने बोला: "अकरापर्यंत उत्तर आलं नाही. मी घाबरलो, मनात नको ते आलं. उशीर होणार असेल तर एक मेसेज टाकशील?"

ही विनंती आहे की हुकूम, हे ती "नाही" म्हणाल्यावर कळतं. अबोला, धमकी किंवा "मग त्याच्याशी बोलायचंच नाही" असं आलं, तर ते नियंत्रण. तिनेही "तू संशयी आहेस" म्हणण्याऐवजी जमेल तेवढ्यालाच हो म्हणावं. पासवर्ड त्यात येत नाही.