‘पप्पांना शुगर आहे’ हे इंग्रजीत कसं सांगायचं?

साताऱ्याहून बहिणीने अमेरिकेतल्या भावाला फोनवर असा निरोप पाठवला आहे असं समजू:

“दादा, पप्पांना काल रात्री ॲडमिट केलं. शुगर एकदम डाऊन झाली होती. डॉक्टर म्हणाले सिरियस नाही, पण दोन दिवस ऑब्झर्वेशनला ठेवू. आईचं बीपी टेन्शनमुळे वाढलंय. तू उगाच पॅनिक होऊ नको.”

भावाच्या बायकोला मराठी येत नाही, म्हणून तिच्यासाठी हा निरोप इंग्रजीत करायचा आहे. निरोपात ॲडमिटपासून पॅनिकपर्यंत नऊ इंग्रजी शब्द आहेत. वरवर पाहता निम्मं काम आधीच झालंय, मधले मराठी शब्द तेवढे बदलायचे. पण अशा वाक्यांचं भाषांतर फसतं ते बहुतेक वेळा या तयार वाटणाऱ्या शब्दांवरच. मराठी शब्दापाशी आपण थांबून विचार करतो, इंग्रजी शब्द मात्र न तपासताच पुढे जातो.

मिश्र वाक्य कसं बांधलेलं असतं ते आधी पाहू. कॅरोल मायर्स-स्कॉटन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ साली याबद्दल एक मांडणी केली. त्यांच्या मते अशा वाक्यात एक भाषा चौकट पुरवते आणि दुसरी त्या चौकटीत बसणारे शब्द. शब्दांचा क्रम, प्रत्यय, छोटे जोडशब्द हे सगळं चौकटीच्या भाषेतून येतं. आपल्या निरोपात ‘ऑब्झर्वेशनला’मधला ला, ‘टेन्शनमुळे’मधलं मुळे, ‘डाऊन झाली’मधली झाली, सगळं मराठी आहे. ‘शुगर’ स्त्रीलिंगी झाली आणि ‘बीपी’ नपुंसकलिंगी झालं, तेही मराठीच्या नियमाने, कारण इंग्रजीत या शब्दांना असं लिंग नाहीच. असे शब्द मराठीत राहतात आणि राहता राहता त्यांचा अर्थही बदलतो. म्हणून तो इंग्रजी कोशात शोधून भागत नाही, मराठी बोलण्यातच शोधावा लागतो.

एखादा शब्द मराठीत किती मुरलाय हे ओळखायची एक घरचीच खूण आहे: सामान्यरूप. आपण ‘टेबलावर’ म्हणतो, ‘पोलिसांनी’ म्हणतो, कारण प्रत्यय लागण्यापूर्वी हे शब्द मराठी शब्दांसारखेच रूप बदलतात. ‘लॅपटॉपवर’, ‘ऑब्झर्वेशनला’ यांत मात्र मूळ शब्द तसाच राहतो आणि प्रत्यय नुसता चिकटतो. रूप बदलणारा शब्द बोलणाऱ्याच्या लेखी बहुधा परका उरलेला नसतो. ही खूण अचूक नाही. आता बरेच जण ‘टेबलवर’ही म्हणतात, आणि ‘टेन्शन’सारखा घराघरांत पोचलेला शब्दही ‘टेन्शनमुळे’ असा न बदलता येतो. तरी पहिला अंदाज बांधायला ती उपयोगी पडते.

आता निरोप एकेक करून घेऊ. ‘शुगर’चे मराठीत निदान दोन अर्थ आहेत आणि ते वाक्याच्या बांधणीवरून कळतात. ‘पप्पांना शुगर आहे’ म्हणजे मधुमेह आहे. ‘पप्पांची शुगर वाढली’ किंवा ‘डाऊन झाली’ म्हणजे रक्तातल्या साखरेचं प्रमाण बदललं. एकात माणसाला ‘ना’ लागतो आणि क्रियापद ‘आहे’, दुसऱ्यात शुगर स्वतःच वाढते किंवा उतरते. ‘बीपी’चंही तसंच. ‘आईला बीपी आहे’ हे वाक्य शब्दशः इंग्रजीत नेलं तर त्याला काही अर्थच राहत नाही, कारण रक्तदाब प्रत्येकालाच असतो. तिथे उच्च रक्तदाबाचा विकार आहे असं लिहावं लागेल. आपल्या निरोपात मात्र बीपी ‘वाढलंय’, म्हणजे सध्याच्या मापाबद्दल बोलणं चाललंय. आईला तो विकार आधीपासून आहे की नाही हे या वाक्यातून कळत नाही, आणि भाषांतरकाराने ते स्वतःच्या मनाने ठरवू नये. ‘शुगर एकदम डाऊन’ याच्या जागी साखर कमी होण्याचं भारदस्त वैद्यकीय नावही मी घालणार नाही. बहिणीने निदान सांगितलेलं नाही, घडलं ते सांगितलंय.

सगळ्यात धोक्याचा शब्द ‘सिरियस’. मराठीत ‘सिरियस नाही’ म्हणताना कर्ता गाळला तरी चालतं. इंग्रजीत कर्ता लागतोच, आणि घाईत माणूस लिहितो ‘ही इज नॉट सिरियस’. इंग्रजी वाचणारीला त्याचा अर्थ लागेल की तो माणूस गंमत करतोय, किंवा त्याला कशाचं गांभीर्य नाही. इथे कर्ता माणूस नसून त्याची प्रकृती आहे, आणि वाक्यात ते स्पष्ट यायला हवं. दुसरी अडचण तीव्रतेची आहे. आपल्याकडे ‘पेशंट सिरियस आहे’ हे ऐकलं की नातेवाईक गाडी पकडतात, कारण त्याचा अर्थ जिवाला धोका आहे असा घेतला जातो. अमेरिकेतली रुग्णालयं प्रकृतीबद्दल माहिती देताना ‘सिरियस’ आणि ‘क्रिटिकल’ या दोन वेगळ्या पायऱ्या मानतात, आणि क्रिटिकल ही जास्त वाईट. आपला सिरियस बऱ्याचदा त्या दुसऱ्या पायरीवर असतो. डॉक्टरांनी दिलेला दिलासा ‘जिवाला धोका नाही’ असा आहे, आणि तोच पोचायला हवा.

‘टेन्शन’ म्हणजे काळजी. इंग्रजीत हा शब्द मुख्यतः ताणलेल्या स्नायूंसाठी, बिघडलेल्या संबंधांसाठी येतो. घरातल्या माणसाच्या आजारपणाने लागलेल्या घोरासाठी तिथे ‘वरी’ हा साधा शब्द आहे. हाच निरोप फ्रेंचमध्ये नेताना ‘टेन्शन’ तसाच ठेवला तर आणखी घोटाळा होईल, कारण फ्रेंच बोलण्यात तो शब्द रक्तदाबासाठी वापरतात, आणि आईच्या वाक्यात रक्तदाबामुळे रक्तदाब वाढला असं काहीतरी निघेल.

‘पॅनिक होऊ नको’ इथे शब्द जवळजवळ तोच आहे, पण सूर निराळा. इंग्रजीत ‘डोन्ट पॅनिक’ ही आग लागल्यावर दिलेली सूचना वाटू शकते. बहिणीच्या वाक्यात ‘उगाच’ आहे, ‘दादा’ आहे आणि ‘दादा’नंतर येणारं ‘तू’ आहे. ती भावाला धीर देतेय. म्हणून मी इथे निरोपातला इंग्रजी शब्द टाकून दुसरा इंग्रजी शब्द घेईन: ‘प्लीज डोन्ट वरी’. एकच ‘वरी’ दोनदा येतो, त्याची मला अडचण वाटत नाही. काळजीत असलेलं माणूस शब्द फिरवून फिरवून लिहीत नाही.

या सुराबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. काहींना वाटतं की मिश्र वाक्य आधी ‘शुद्ध’ करून घ्यावं, मग भाषांतर करावं. तसं करून पाहू: “वडिलांना काल रात्री रुग्णालयात दाखल करण्यात आले. रक्तातील साखरेचे प्रमाण अत्यंत कमी झाले होते.” माहिती तीच आहे, पण ही बातमीची भाषा झाली. बहिणीने भावाला असं लिहिलं तर तो घाबरून जाईल. सातारच्या घरात ॲडमिट, शुगर, बीपी हेच रोजचे शब्द आहेत. ते वापरल्याने कोणी शिकलेलं किंवा शहरी ठरत नाही. म्हणून या निरोपाचं इंग्रजी छोट्या, घरगुती वाक्यांचं असावं. मूळ निरोपात सूर इंग्रजी शब्दांनी सांभाळला होता. भाषांतरात सगळंच इंग्रजी, त्यामुळे ते काम आता वाक्याच्या लांबीवर आणि साध्या क्रियापदांवर येऊन पडतं.

हेच काम यंत्राला द्यायचं तर आणखी एक अडथळा येतो, कारण असे निरोप बरेचदा रोमन लिपीत टाइप केलेले असतात:

```
dada, pappanna kal ratri admit kela
```

इथे `kal` म्हणजे काल, की पोटात येणारी कळ? हिंदीवर तयार झालेल्या यंत्राला तो ‘कल’ वाटेल, आणि हिंदीत कल उद्याही असतो. `kela` म्हणजे केलं, केला, की हिंदीतलं केळं? अनुस्वार टाइप करताना गळून जातो. `to`, `me`, `are`, `man` हे तर एकाच वेळी मराठीही आहेत आणि इंग्रजीही. म्हणून बऱ्याच पद्धतींत आधी प्रत्येक शब्दाची भाषा ओळखतात, मग मराठी शब्द देवनागरीत आणतात आणि शेवटी भाषांतर करतात. पुण्याच्या L3Cube या संशोधन गटाने २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरच्या सुमारे एक कोटी मराठी-इंग्रजी मिश्र वाक्यांचा संग्रह तयार केला, तो असा मजकूर यंत्राला शिकवण्यासाठी. पण या पायऱ्यांमध्ये एक दोष दडलेला आहे. ‘सिरियस’वर एकदा इंग्रजी असा शिक्का बसला की तो शब्द जसाच्या तसा पुढे जाण्याचीच शक्यता जास्त. ही चूक मराठी माणसाला तपासून दिसत नाही, कारण वाचताना तो आपलाच अर्थ भरून घेतो. मराठी न येणाऱ्या माणसाला भाषांतर द्यावं आणि काय झालंय ते त्याच्या शब्दांत सांगायला लावावं. पप्पा गंमत करत होते असं तो म्हणाला, तर चूक सापडली.

आतापर्यंतचे शब्द नकळत आलेले होते. पण कधी इंग्रजी मुद्दाम येतं. तोच भाऊ पुढे साताऱ्याला येतो आणि बिलाच्या काउंटरवर म्हणतो, “अहो, दोन दिवस ठेवलं होतं ना, मग तीन दिवसांचे चार्जेस कसे लावले? आय वॉन्ट दिस इन रायटिंग.” दुसऱ्या वाक्याची चौकटच इंग्रजी आहे. नातं बदललंय, ‘अहो’ म्हणणारा माणूस आता तक्रारदार म्हणून उभा आहे. नॉर्वेतल्या एका गावाच्या अभ्यासावरून ब्लॉम आणि गम्पर्झ या भाषा-अभ्यासकांनी १९७२ साली दाखवलं की प्रसंग तोच असतानाही माणसं भाषेचं रूप बदलून आपली भूमिका बदलतात.

काउंटरवरचं हे बोलणं इंग्रजीत नेलं की भाषेची ही उडी दिसेनाशी होते. मी पहिलं वाक्य बोलीतलं, सैल ठेवेन आणि दुसरं आहे तसं, ताठ. कथेत असेल तर ‘तो इंग्रजीत म्हणाला’ एवढे तीन शब्द जोडेन. जर्मनमध्ये इंग्रजी वाक्य तसंच ठेवता येईल, पण साताऱ्याच्या काउंटरवर इंग्रजीला जे वजन आहे ते जर्मन वाचकाला जाणवेलच असं नाही. हिंदीत मात्र वाक्य आणि वजन दोन्ही बरंचसं टिकतं. बहिणीच्या निरोपातले नऊ शब्दही हिंदीत जवळजवळ जसेच्या तसे चालतील.

तरी हिंदीवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. मराठी विद्यार्थी सांगतो, “शेवटचे दोन धडे ऑप्शनला टाकले,” म्हणजे ते त्याने अभ्यासातून सोडून दिले. यातलं ‘ऑप्शन’ हिंदीत तसंच ठेवलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की ते धडे त्याने पर्याय म्हणून राखून ठेवलेत. तिथे ‘छोड़ दिए’ असंच लिहावं लागतं.