फॉन्ट बदलला की स्लाइडवरचा मजकूर चौकटीबाहेर का जातो?

तयार पॉवरपॉइंट प्रेझेंटेशन असतं, चाळीसेक स्लाइड्स, सगळं व्यवस्थित बसलेलं, आणि मग कुणीतरी म्हणतं फॉन्ट कॅलिब्री नको, एरियल करा. तुम्ही करता. साइज तीच ठेवता, 28 ची 28. आणि तरी काही स्लाइड्सवर शेवटच्या दोन ओळी चौकटीच्या खाली लोंबायला लागतात, काहींवर अक्षरं आपोआप बारीक होतात, आणि काहींवर फॉन्टच बदलत नाही. एकाच फाइलमध्ये तीन प्रकार! हे बघून बरेच जण स्लाइड बाय स्लाइड हाताने साइज कमी करत बसतात, मीही आधी तेच करायचो, आणि त्यात अख्खी संध्याकाळ जाते. पण या तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत आणि ती एकदा कळली की काम बरंच कमी होतं.

आधी साइजचं बघू. 28 पॉइंट म्हणजे अक्षराची उंची 28 पॉइंट असं वाटतं, पण तसं नाहीये. पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, आणि 28 हा आकडा अक्षर ज्या अदृश्य चौकोनात बसवलेलं असतं त्या चौकोनाचा आहे, शिशाचे खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हापासूनची ही पद्धत. त्या चौकोनात अक्षर किती मोठं काढायचं, किती जागा घ्यायची, हे फॉन्ट बनवणारा ठरवतो. कॅलिब्रीवाल्याने अक्षरं आटोपशीर ठेवली, एरियलवाल्याने ऐसपैस.

किती फरक ते आकड्यांवरून सहज कळतं, कारण या दोन्ही फॉन्टमध्ये 0 ते 9 सगळे अंक सारख्याच रुंदीचे असतात. कॅलिब्रीत एक अंक चौकोनाच्या 0.507 पट रुंद, एरियलमध्ये 0.556 पट, म्हणजे जवळजवळ 10 टक्के जास्त. 28 च्या साइजला कॅलिब्रीचा अंक साधारण 14.2 पॉइंट जागा खातो आणि एरियलचा 15.6. अक्षरांचं प्रमाण थोडं इकडेतिकडे होतं पण दिशा तीच.

आता गंमत अशी की उंचीत उलटं आहे. ओळीची उंचीसुद्धा फॉन्टच्या आतच लिहिलेली असते, कॅलिब्रीची साइजच्या 1.22 पट आणि एरियलची 1.15 पट, म्हणजे एरियलची ओळ बुटकी आहे. मग मजकूर खाली कसा जातो? तर ओळी उंच झाल्या म्हणून नाही, ओळींची संख्या वाढली म्हणून.

हे एका स्लाइडवर घालून बघू. पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या रुंद थीममध्ये मजकुराची चौकट 11.5 इंच रुंद आणि साधारण 4.76 इंच उंच असते. वरखाली आतली मोकळी जागा सोडली की उरतात 335 पॉइंट. या थीममध्ये ओळींचं अंतर 90 टक्के ठेवलेलं असतं आणि दोन मुद्द्यांमध्ये 10 पॉइंट. समजा चार मुद्दे आहेत, प्रत्येक दोन ओळींचा, आणि दुसरी ओळ जवळजवळ शेवटपर्यंत गेलेली. कॅलिब्रीत एक ओळ 30.8 पॉइंटची, आठ ओळींचे 246, मधल्या तीन जागांचे 30, एकूण 276. मस्त बसलं, वर साठेक पॉइंट शिल्लक. आता एरियल करा. मजकूर 10 टक्के पसरला, म्हणजे दुसरी ओळ साधारण 82 टक्क्यांपेक्षा जास्त भरलेली होती तिथे एकदोन शब्द तिसऱ्या ओळीवर ढकलले जाणार, आणि आपल्याकडे तर चारही मुद्दे तसेच आहेत. बारा ओळी झाल्या. ओळ 29 पॉइंटची झाली तरी बारा ओळींचे 348, अधिक 30, एकूण 378. चौकट 335 ची. म्हणजे दीड ओळ बाहेर!

म्हणूनच सगळ्या स्लाइड्स बिघडत नाहीत. जिथे दुसरी ओळ अर्धीच होती तिथे काहीच होत नाही, त्यामुळे पहिल्या दहा स्लाइड्स बघून "ठीक आहे" म्हणायचं नाही, सगळ्या बघाव्या लागतात.

आता ऑटोफिट. चौकटीवर राइट क्लिक करून Format Shape मध्ये Text Box च्या भागात तीन पर्याय दिसतात: Do not Autofit, Shrink text on overflow आणि Resize shape to fit text. पहिल्यात मजकूर खुशाल बाहेर जातो, दुसऱ्यात मजकूर बारीक होतो, तिसऱ्यात चौकटच वाढते. थीममधल्या शीर्षकाच्या आणि मजकुराच्या चौकटींना सहसा दुसरा लावलेला असतो, तुम्ही स्वतः Insert मधून काढलेल्या टेक्स्ट बॉक्सला तिसरा. म्हणून फॉन्ट बदलल्यावर स्वतः काढलेला बॉक्स खाली वाढत जाऊन शेजारच्या चित्रावर चढू शकतो आणि मजकुराच्या चौकटीत अक्षरं बारीक होतात.

बारीक होणं कसं चालतं ते फाइल उघडून बघितलं की छान कळतं. .pptx ही खरं तर झिप फाइल आहे, कॉपी करून तिचं शेवटचं नाव .zip केलं की आत `ppt/slides` मध्ये प्रत्येक स्लाइडची फाइल दिसते आणि तिच्यात असं काहीतरी असतं:

```xml
<a:bodyPr>
  <a:normAutofit fontScale="92500" lnSpcReduction="10000"/>
</a:bodyPr>
```

हे आकडे टक्क्याच्या हजाराव्या भागात आहेत, म्हणजे अक्षरं 92.5 टक्के करा आणि ओळींच्या अंतरातून 10 टक्के वजा करा. मजकुरात मात्र साइज 28 च लिहिलेली राहते, दाखवताना तिला गुणून 25.9 केलं जातं. आपल्या वरच्या स्लाइडला हेच लागलं असं धरा, तर काय होतं बघा: रुंदी 10 टक्क्यांनी वाढलेली, त्यातून साडेसात टक्के कमी, त्यामुळे जवळजवळ मूळ जागेवर आली, मुद्दे परत दोनदोन ओळींचे झाले, आणि ओळींचं अंतर 90 वरून 80 वर आलं. मग आठ ओळींचे 190 पॉइंट, मुद्द्यांमधली जागा धरून 220 च्या आसपास. चौकट 335 ची आणि मजकूर 220 चा! म्हणजे दीड ओळ बाहेर होती म्हणून दाटीवाटी केली आणि आता खाली तिसरा हिस्सा रिकामा. ऑटोफिट झाल्यावर स्लाइड गिचमिड आणि तरी रिकामी का वाटते त्याचं उत्तर हे आहे, ओळी हळूहळू कमी होत नाहीत, एकदम उड्या मारतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते मला. तो 92500 आकडा फाइलमध्ये लिहून ठेवलेला आहे, दर वेळी नव्याने मोजला जाईलच असं नाही. मजकूर एडिट केला की मोजणी होते. पण फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली, तिथे तो फॉन्टच नाही, त्याजागी दुसरा रुंद फॉन्ट घेतला गेला, तर जुनाच आकडा नव्या फॉन्टला लावला जाऊ शकतो आणि ऑटोफिट चालू असूनही मजकूर बाहेर लोंबतो. प्रोग्रॅम लिहून बनवलेल्या स्लाइड्समध्येही हेच, ऑटोफिट लावलेलं असतं पण मोजलेलंच नसतं. ओळखायचं सोपं आहे: चौकटीत क्लिक करा, एक स्पेस द्या आणि खोडा. मजकूर एकदम उडी मारून आत बसला तर आकडा शिळा होता. आणि बारीक होणं चालू असताना चौकटीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात एक छोटं चिन्ह येतं, त्यावर क्लिक केलं की Stop Fitting Text to This Placeholder असा पर्याय मिळतो, तो घेतला की खरी साइज आणि खरं ओव्हरफ्लो दोन्ही समोर येतं.

तिसरा प्रकार, फॉन्ट न बदलणाऱ्या स्लाइड्स. स्लाइडवरची मजकुराची चौकट म्हणजे प्लेसहोल्डर, आणि तो स्वतःजवळ फार कमी ठेवतो. जागा, साइज, फॉन्ट, ऑटोफिट, जे स्वतःकडे लिहिलेलं नाही ते तो लेआउटला, म्हणजे त्या प्रकारच्या स्लाइडच्या साच्याला विचारतो, लेआउटकडे नसेल तर लेआउट मास्टरला, म्हणजे सगळ्या लेआउट्सच्या मूळ साच्याला विचारतो. पण स्वतःकडे लिहिलेलं असेल तर वरच्यांचं ऐकत नाही. कुणी कधी हाताने ती चौकट थोडी ताणली किंवा एका शब्दाला थेट कॅलिब्री लावला तर तेवढी गोष्ट त्या स्लाइडवर कायमची चिकटली. फॉन्टच्या यादीत नावापुढे (Body) किंवा (Headings) दिसलं तर तो थीममधून आलाय, नुसतं नाव असेल तर थेट लावलेला आहे.

देवनागरी मजकुराला इथे अजून एक अडचण आहे. थीममध्ये रोमन अक्षरांचा फॉन्ट वेगळ्या खान्यात असतो आणि देवनागरीचा वेगळ्या, ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्ये त्यापुढे मंगल लिहिलेलं असतं. त्यामुळे एरियल निवडला तरी मराठी ओळी आहेत तशाच राहतात, फक्त मधले इंग्रजी शब्द आणि आकडे रुंद होतात. वर वेलांटी आणि खाली उकार यांच्यासाठी देवनागरी फॉन्टची ओळ उंच असते, म्हणून इंग्रजीसाठी आखलेल्या चौकटीत मराठी मजकूर टाकला तर ओळींची संख्या तेवढीच असूनही खाली जातो. इथे कारण उंची आहे, रुंदी नाही, त्यामुळे ओळींचं अंतर थोडं कमी केलं की भागतं, पण खूप कमी केलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो.

मग करायचं काय? View मधून Slide Master उघडा, डावीकडे सगळ्यात वरची मोठी स्लाइड निवडा आणि Fonts मधून फॉन्ट तिथेच बदला. लगेच साइजही तिथेच बदला, हे बरेच जण विसरतात. एरियलसाठी 28 ला 0.507 ने गुणून 0.556 ने भागलं की 25.5 येतं, म्हणून 25 घ्या. कमी झालं असं वाटेल पण होत नाही, कारण एरियलची छोटी अक्षरं साइजच्या मानाने उंच असतात: 25 च्या एरियलचा x आणि 28 च्या कॅलिब्रीचा x दोन्ही साधारण 13 पॉइंट उंच भरतात, मागच्या रांगेतल्या माणसाला सारखेच दिसतात. आपली स्लाइड परत आठ ओळींची होते, 207 अधिक 30 म्हणजे 237 पॉइंट, आणि ओळींचं अंतर 90 टक्केच राहतं.

मास्टरवर मजकुराच्या चौकटीला मी Do not Autofit लावतो. बाहेर गेलेला मजकूर दिसतो तरी, बारीक झालेला लक्षात येत नाही आणि मग एका स्लाइडवर 25, दुसरीवर 21 असं चालू राहतं. ज्या स्लाइड्सवर ऑटोफिटचा स्वतःचा आकडा लिहिलेला आहे त्या मास्टरचं ऐकणार नाहीत, त्या कोपऱ्यातल्या चिन्हावरून थांबवाव्या लागतात.

मास्टर बंद करून हट्टी स्लाइड्स निवडा आणि Home मधलं Reset दाबा, हाताने ताणलेल्या चौकटी परत लेआउटच्या मापावर येतात. पण आधी फाइलची कॉपी ठेवा, कारण मुद्दाम दिलेले रंग आणि ठळक शब्दही त्यात जाऊ शकतात. स्वतः काढलेल्या टेक्स्ट बॉक्सला Reset हात लावत नाही, त्यांच्यात थेट लावलेला जुना फॉन्ट Replace Fonts ने बदला आणि ते बॉक्स एकेक करून डोळ्याखालून घाला, विशेषतः चित्राच्या किंवा टेबलच्या वर असलेले.