पावसाआधी किती बॅगा उचलायच्या?

वाशीमकडच्या एखाद्या कृषी सेवा केंद्राच्या मालकाला सोयाबीनच्या बियाण्याची ऑर्डर मे महिन्यात द्यावी लागते. बी किती खपेल ते मात्र जूनचा पाऊस ठरवतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. म्हणजे आधी पैसे गुंतवायचे आणि मग आभाळाकडे बघत बसायचं. उरलेलं बी पुढच्या वर्षी विकू म्हणावं, तर सोयाबीनची उगवणशक्ती लवकर घसरते. औषध चोळलेलं बी धान्य म्हणूनही विकता येत नाही.

अशा कोड्यांसाठी जॉर्ज डँट्झिग आणि ई. एम. एल. बील या गणितज्ञांनी १९५५ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एक रीत मांडली. तिला दोन टप्प्यांचा स्टोकॅस्टिक प्रोग्रॅम, म्हणजे अनिश्चितता धरून केलेली आखणी, म्हणतात. पहिल्या टप्प्यात आज घ्यायचा निर्णय असतो. दुसऱ्या टप्प्यात परिस्थिती कळल्यावर करायची सावरासावर असते. आजचा निर्णय घेतानाच त्या सावरासावरीची किंमत हिशेबात धरायची, हे या रीतीचं मर्म.

समजायला सोपे असे आकडे धरू. बॅग २,४०० रुपयांना पडते आणि २,९०० ला जाते, म्हणजे नफा ५००. माल कमी पडला तर शेजारच्या तालुक्यातून २,७०० ला आणता येतो. त्यात २०० च सुटतात, आणि तिथूनही १५० पेक्षा जास्त बॅगा मिळत नाहीत. उरलेली बॅग कंपनी १,४०० ला परत घेते, म्हणजे तोटा १,०००.

आता पावसाच्या तीन शक्यता. वेळेवर आला (शक्यता ५० टक्के), तर ६०० बॅगा खपतील. लांबला (३० टक्के), तर लोक तुरीकडे वळतील आणि ३०० च खपतील. पेरणीनंतर मोठा खंड पडून दुबार पेरणीची वेळ आली (२० टक्के), तर ९०० लागतील.

पटकन सुचणारा मार्ग म्हणजे सरासरी काढणं. ती येते ५७०, म्हणून तेवढ्या बॅगा मागवायच्या. पण ५७० बॅगा खपतील असं एकही वर्ष या यादीत नाही. शिवाय उरलेली बॅग जितकी जाळते, तितकं कमी पडलेली बॅग जाळत नाही, हे सरासरीला कळत नाही.

म्हणून आकडा एकेका बॅगेने वाढवून पाहायचा. समजा ३०० बॅगा घेतल्यात आणि आणखी एक घ्यायची आहे. पाऊस वेळेवर आला तर ती ५०० मिळवून देईल. ५० टक्के शक्यतेने त्याचे २५० धरायचे. दुबार पेरणीत तेच ५००, म्हणजे २० टक्क्यांनी १००. पाऊस लांबला तर १,००० बुडतील, म्हणजे ३० टक्क्यांनी ३०० वजा. निव्वळ ५० रुपये फायदा, तेव्हा घ्या. ४५० च्या पुढे मात्र चित्र पालटतं. वेळेवरच्या पावसात कमी पडणाऱ्या १५० बॅगा शेजारून आणता येतात, त्यामुळे स्वतःजवळच्या जादा बॅगेने ५०० नव्हे, ३०० च वाचतात. त्याचे १५० आणि दुबारचे १०० मिळून २५०; समोर ३०० चा तोटा. इथे थांबायचं. उत्तर ४५०.

तिन्ही शक्यतांपैकी कुठलीच मागणी ४५० नाही, आणि मला या रीतीतलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं. तो आकडा शेजारच्या १५० बॅगांच्या आधारावर उभा आहे. तिथून फक्त ५० मिळणार असत्या, तर उत्तर ५५० आलं असतं.

४५० बॅगांवर सरासरी नफा १,७८,५०० रुपये येतो आणि ५७० वर १,७२,५००. फरक ६,००० चाच. पण पाऊस लांबलेल्या वर्षी ५७० वाला १,२०,००० नी बुडतो, तर ४५० वाल्याचं ना नफा ना तोटा असं निभावतं. कर्ज काढून माल भरणाऱ्याने आधी हा आकडा पाहावा. दुबार पेरणीच्या वर्षी मात्र ४५० वाल्याच्या दारातून ३०० बॅगांचं गिऱ्हाईक परत जाईल. त्या शेतकऱ्यांची अडचण या हिशेबात कुठेच येत नाही. ती आणायची तर परत गेलेल्या प्रत्येक बॅगेमागे वेगळा दंड धरावा लागेल.

पाऊस कसा येणार ते मे महिन्यातच पक्कं कळलं असतं तर? मग दरवेळी नेमका माल भरता आला असता आणि सरासरी नफा २,८५,००० झाला असता. म्हणजे त्या खात्रीची किंमत १,०६,५०० रुपये. हवामान खातं एप्रिलमध्ये दिलेला मोसमाचा अंदाज मेअखेरीस सुधारून देतं. त्यामुळे ऑर्डरचा काही भाग तोवर थोपवता येतो का, हे कंपनीला विचारण्यात अर्थ आहे.

या रीतीचा कच्चा दुवा म्हणजे त्या टक्केवाऱ्या. पाऊस लांबण्याची शक्यता ३० ऐवजी ४० टक्के धरली आणि वेळेवरची तितकी कमी केली, तर उत्तर ४५० वरून थेट ३०० वर येतं. २० टक्के धरली तर ६०० वर जातं. म्हणून टक्केवाऱ्या थोड्या हलवून हिशेब पुन्हा करायचा. उत्तर असं उड्या मारत असेल, तर आपल्या तालुक्यातल्या गेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या जूनच्या पावसाच्या नोंदी काढून बसायचं आणि त्यातली किती वर्षं कुठल्या रकान्यात पडतात ते मोजायचं.