काटा उतरला म्हणजे चरबी उतरली नव्हे

वजन कमी करायचं तर कमी खायचं आणि जास्त हलायचं, हे आता सोसायटीच्या वॉचमनपासून सासूबाईंपर्यंत सगळे सांगतात. ते इथे पुन्हा उगाळत नाही. माझं डोकं फिरतं ते पुढच्या हिशेबाने: "पहिल्या आठवड्यात २.८ किलो उतरले, म्हणजे ३० किलोला फार तर ११ आठवडे. दिवाळीपर्यंत काम फत्ते." तिसऱ्या आठवड्यात काटा अडतो, आणि "माझा मेटॅबॉलिझमच स्लो आहे" म्हणत माणूस पुन्हा वडापावच्या गाडीवर. बिघडलेलं काहीच नसतं. त्याने वजन उतरण्याचा वेग हाच चरबी उतरण्याचा वेग धरला, एवढंच.

एक उदाहरण घेऊ. ३८ वर्षांचे गृहस्थ, उंची १७२ सेंटिमीटर, वजन १०५ किलो, खुर्चीतली नोकरी. त्यांना ७५ वर यायचंय. अशा माणसाचं शरीर दिवसाला साधारण २,५०० कॅलरी जाळतं. एक किलो चरबीत जवळजवळ ७,७०० कॅलरी असतात. आता हा माणूस सात दिवस पाण्याखेरीज काहीही घेणार नाही असं धरलं, तरी १७,५०० कॅलरींची तूट पडेल, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास चरबी. कडकडीत उपासानेही जे जमत नाही ते भाकरी-भाजी खाऊन एका आठवड्यात जमलं, असं म्हणता येत नाही. गृहस्थ प्रत्यक्षात १,८०० कॅलरी खात होते, रोजची तूट सातशेच्या थोडी वर. त्या २.८ किलोंत चरबी होती साधारण ६५० ग्रॅम.

मग उरलेले दोन किलो कुठे गेले? बहुतेक पाणी. स्नायूंमध्ये आणि यकृतात ग्लायकोजेन म्हणून साखरेचा साठा असतो, मोठ्या माणसात चारपाचशे ग्रॅमचा, आणि प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भात-पोळी एकदम कमी केली की हा साठा बराच रिकामा होतो आणि ते पाणी लघवीवाटे जातं. पापड, लोणचं, फरसाण बंद झालं की मीठ कमी होतं, त्याबरोबर आणखी पाणी. शिवाय जेवणच कमी झाल्याने आतड्यात असणारा ऐवजही कमी. हे एकदाच होतं. दुसऱ्या आठवड्यात काढायला ते पाणीच उरलेलं नसतं. "३० दिवसांत १० किलो" वाल्या जाहिराती याच पहिल्या आठवड्यावर पोट भरतात, म्हणून मला त्यांचा मनस्वी राग आहे.

उलटंही तेवढंच खरं. लग्नाच्या पंगतीत जेवून दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर दिसला, तर ती चरबी नाही. तेवढ्या चरबीसाठी गरजेपेक्षा साडेअकरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील, आणि जिलब्यांची पैज लावूनही ते अवघड आहे. व्यायाम नवा सुरू केला की दुखावलेले स्नायू पाणी धरतात. पाळीच्या आधी बऱ्याच बायकांचं वजन किलोभर वर राहतं. अशा वेळी चरबी गुमान उतरत असते आणि काटा ढिम्म.

दोन्हींतला फरक ओळखायचा उपाय साधा आहे. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी वजन करा आणि सात दिवसांची सरासरी काढा. एकेका दिवसाचा आकडा विसरा. पहिले दोन आठवडे हिशेबात धरूच नका. नंतरची सरासरी चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी ताडून पाहा. पाळी येणाऱ्यांनी पाळीचा तोच आठवडा गेल्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडावा. कंबरपट्टा ढिला होतोय का, तेही बघावं. पायाखालचा स्मार्ट काटा चरबीची टक्केवारी दाखवतो ती मात्र मनावर घेऊ नका. तो वीज सोडून अंदाज बांधतो, आणि शरीरातलं पाणी बदललं की त्याचा अंदाजही बदलतो.

आता वेग. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, हे माप मला पटतं. ठरावीक किलोंचं नाही, कारण १०५ किलोला जो एक किलो झेपतो तो ८० किलोला जड जातो. दीड किलोच्या वर वेग सतत राहिला तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. तूट फार मोठी आणि खाण्यात प्रथिनं कमी असली, तर चरबीबरोबर स्नायूही जातात. म्हणून डाळ, दही, पनीर, अंडी, मासे वाढवायचे आणि वजनं उचलायची. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या. नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते.

मुदतीचा हिशेब इथेच चुकतो. आपले गृहस्थ १,८०० कॅलरींवरच राहिले तर आठवड्याला ६५० ग्रॅम या सरळ भागाकाराने ३० किलोला ४६ आठवडे येतात. पण हलकं शरीर कमी जाळतं. १०५ किलोला लागणाऱ्या २,५०० कॅलरी ७५ किलोला २,१०० च्या आसपास होतात, म्हणजे त्याच ताटावर तूट सातशेवरून सव्वातीनशेपर्यंत येते. नीट मांडलं तर पहिल्या दहा किलोंना १७ आठवडे, पुढच्या दहांना २१, शेवटच्या दहांना २८. एकूण ६६, सव्वा वर्ष. त्यात गणपती, दिवाळी, दोन लग्नं आणि एखादा ताप धरा. मी दीड वर्ष लिहून देईन. कुणी सहा महिने म्हणालं तर मी तिथून उठेन.

शेवटच्या टप्प्यातला आठवड्याला ३०० ग्रॅमचा वेग पाण्याच्या चढउतारात सहज बुडतो, आणि लोक सर्वांत जास्त तिथेच सोडतात. म्हणून चार आठवड्यांची सरासरी खरोखर हलली नसेल तरच काही बदलायचं. आधी मोजमाप तपासा: फोडणीचं तेल, चहातली साखर, चाखता चाखता पोटात गेलेलं. तेल पळीने न ओतता चमच्याने मोजलं की बहुतेकांना उत्तर तिथेच सापडतं, कारण एका मोठ्या चमचाभर तेलात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात. तिथे काही सापडलं नाही, तर रोजचं चालणं अर्ध्या तासाने वाढवा किंवा ताटातून दीडशे कॅलरी काढा. यांपैकी एकच करा, आणि पुन्हा चार आठवडे थांबा.