राम राम, जय हरी, जोहार: खान्देशातील अभिवादनांची पार्श्वभूमी आणि बाहेरच्या माणसाची वाट

1779 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने सोनार समाजाला ‘नमस्कार’ हा शब्द अभिवादनासाठी वापरण्यास मनाई करणारा ठराव केला. पुण्याच्या पेशवे दरबारातून तशी मागणी झाली होती आणि हा शब्द ब्राह्मणांचा आहे, इतरांनी तो उच्चारू नये, असे त्यामागचे म्हणणे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे आपल्या लेखनात या ठरावाचा मुद्दाम दाखला दिला. आज ज्या शब्दाला आपण सर्वांत निरुपद्रवी समजतो, तो कोणी उच्चारावा यावर सरकारी हुकूम निघत होता, ही गोष्ट लक्षात ठेवल्याशिवाय खान्देशातल्या ‘राम राम’, ‘जय हरी’, ‘जोहार’ आणि ‘जय भीम’ यांच्यातले अंतर कळत नाही.

जुन्या मराठी पत्रांचे मायने पाहिले की ही उतरंड कागदावरच दिसते. ब्राह्मणाने ब्राह्मणाला लिहिताना ‘साष्टांग नमस्कार’, वडीलधाऱ्याने ‘आशीर्वाद’, सरदार-पाटील मंडळींच्या पत्रांत ‘दंडवत’ किंवा ‘रामराम विनंती उपरी’, आणि गावकुसाबाहेरच्या महाराने ‘जोहार’, अशी ती वाटणी होती. म्हणजे ‘राम राम’ हे देवाचे नाव असले तरी व्यवहारात ते कुणबी, मराठा, माळी, गुजर, लेवा अशा शेती कसणाऱ्या आणि तिच्याभोवती जगणाऱ्या समाजांचे बरोबरीचे अभिवादन होते. त्याला भटजी लागत नव्हता, दीक्षा लागत नव्हती, आणि ते ज्या शब्दात केले जाई त्याच शब्दात परत मिळे. या परतफेडीमुळेच ते तापीच्या दोन्ही काठांवर सर्वदूर पसरले असावे, असे मला वाटते.

खान्देशातल्या खेड्यात आजही राम राम नुसता टाकला जात नाही. त्याच्या मागे नात्याचे संबोधन लागते: ‘राम राम आबा’, ‘राम राम नाना’, ‘राम राम बापू’, ‘राम राम आप्पा’. अहिराणी बोलणारा लगेच पुढे ‘काय चालनं?’ किंवा ‘बरं शे ना?’ असे विचारतो, आणि समोरचा आधी राम राम परत करून मगच उत्तर देतो. आधी कोणी म्हणायचे हेही ठरलेले आहे. जो चालत येतो त्याने बसलेल्याला म्हणायचे, आणि वयाने लहान असेल त्याने मोठ्याला. पारावर चार-पाच जण बसलेले असतील तर प्रत्येकाला वेगळे म्हणण्याची गरज नसते. हात कपाळाच्या उंचीपर्यंत नेऊन एकदा सगळ्यांना मिळून ‘राम राम मंडळी’ म्हटले की पुरते. गाडीवरून जाताना हात नुसता हँडलवरून उचलला तरी चालतो, पण मान वळवावी लागते. परक्या पुरुषाने ओट्यावर बसलेल्या सुनेला राम राम म्हणण्याची मात्र जुन्या घरांत रीत नाही. तिथे ‘ताई, आबा घरी आहेत का?’ हा प्रश्नच अभिवादनाचे काम करतो.

बाहेरून आलेल्याने हे अभिवादन वापरावे का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी ‘निःसंकोच वापरावे’ असेच आहे. गावातला मुसलमान शेतकरीही पाटलाला राम राम म्हणतो आणि पाटील त्याला ‘सलाम चाचा’ म्हणतो, ही देवाणघेवाण कुणाला खटकत नाही. एक भेद मात्र पाळावा. गेल्या चाळीसेक वर्षांत घोषणा म्हणून पुढे आलेले ‘जय श्रीराम’ आणि पारावरचे ‘राम राम’ एकच नव्हेत. पहिल्यातून माणूस आपली बाजू सांगतो, दुसऱ्यातून तो फक्त समोरच्याची दखल घेतो. अनोळखी गावात पहिले वापरणाऱ्याने आपण एक राजकीय विधान करत आहोत हे जाणून वापरावे.

‘जय हरी’ची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यामागे गळ्यातली तुळशीची माळ आहे. आपल्याला स्वप्नात बाबाजी चैतन्यांनी ‘रामकृष्णहरी’ हा मंत्र दिला, असे तुकोबांनी अभंगात सांगितले आहे, आणि वारकऱ्यांचे ‘राम कृष्ण हरी’ व ‘जय हरी’ हे त्या मंत्राचेच रोजच्या बोलण्यातले रूप आहे. खान्देशात या परंपरेची मुळे खोल गेलेली आहेत. ज्या गावाला पूर्वी एदलाबाद म्हणत, ते मुक्ताबाईंमुळे मुक्ताईनगर झाले, आणि तिथून निघणारी मुक्ताईची पालखी पंढरपूरच्या मानाच्या पालख्यांपैकी एक असून ती महिनाभराहून अधिक काळ वाट चालते. अमळनेरला सखाराम महाराजांचे संस्थान आणि बोरी नदीच्या पात्रात भरणारी वैशाखातली यात्रा आहे.

दोन माळकरी भेटतात तेव्हा काय होते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. दोघेही एकाच वेळी वाकतात, दोघांचेही हात एकमेकांच्या पायांकडे जातात आणि तिथून आपापल्या कपाळाला लागतात. सत्तर वर्षांचा कीर्तनकार वीस वर्षांच्या टाळकऱ्यापुढेही असाच वाकतो. ‘वर्णअभिमान विसरली याति’ असे तुकोबांनी वाळवंटातल्या खेळाचे वर्णन केले आहे, ते या वाकण्याला लागू आहे. येथे वय, जात आणि हुद्दा यांपैकी कशावरही आधी-नंतर ठरत नाही. नेमक्या याच ठिकाणी बाहेरचा माणूस गोंधळतो. वृद्ध वारकरी आपल्या पाया पडतो आहे हे पाहून तो संकोचाने मागे सरकतो किंवा ‘अहो, नको नको’ म्हणत त्यांचे हात धरतो. त्याच्या मनात आदरच असतो, पण अभिवादन अर्धे राहते. योग्य रीत म्हणजे आपणही तितकेच वाकावे आणि ‘राम कृष्ण हरी माउली’ म्हणावे. यासाठी माळ असण्याची अट नाही. आपण होऊन ‘जय हरी’ म्हणण्यासही दिंडीत, कीर्तनाच्या मंडपात किंवा गळ्यात माळ दिसणाऱ्या माणसापुढे हरकत नाही. माळ नसलेल्या दुकानदाराला किंवा कचेरीतल्या कारकुनाला मात्र तसे म्हटले तर तो आपल्याला माळकरी समजतो, घरी जेवायला नेतो आणि ताटात कांदा-लसूणही येऊ देत नाही. आपण जे नाही ते आहोत असा समज आपल्या शब्दाने करून दिलेला असतो, आणि तो वेळीच सांगून दुरुस्त करावा लागतो.

वाळवंटातली ही समता गावात परतल्यावर टिकत नव्हती. चोखोबांच्या आणि एकनाथांच्या रचनांत ‘जोहार मायबाप जोहार’ हे शब्द येतात, ते त्या काळच्या प्रत्यक्ष व्यवहारातून आलेले आहेत. महाराने पाटलाच्या वाड्यासमोर दूर उभे राहून जोहार घालायचा, आणि पाटलाने तो शब्द परत करायचा नाही. राम रामाची जी परतफेड वर सांगितली, ती या अभिवादनाला मिळत नसे. म्हणूनच 1930च्या दशकात आंबेडकरी चळवळीने जोहार टाकला आणि ‘जय भीम’ घेतला. या घोषाला अभिवादनाचे रूप देण्याचे श्रेय कामठीचे कार्यकर्ते बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. त्यांचे निधन 1939 साली झाले. खान्देशाचा या घडामोडीशी जवळचा संबंध आहे. धर्मांतराची घोषणा झाली ते येवले खान्देशापासून फार दूर नाही, आणि धुळ्याजवळच्या लळिंगच्या बंगल्यात बाबासाहेब 31 जुलै 1937 रोजी मुक्कामाला होते, म्हणून आजही त्या दिवशी तिथे लोक जमतात.

1956 साली नागपुरात दीक्षा देताना बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली दुसरी राम आणि कृष्ण यांना देव न मानण्याची आहे. हे ज्याला ठाऊक नाही, तो बौद्ध वस्तीत जाऊन मोकळ्या मनाने ‘राम राम’ म्हणतो आणि उत्तर ‘जय भीम’ असे आले की गोंधळून गप्प होतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे पुन्हा एकदा ‘राम राम’ म्हणतो. समोरच्याने उद्धटपणा केलेला नसतो. आपले अभिवादन कोणते, एवढेच त्याने सौजन्याने सांगितलेले असते. तेव्हा आपणही ‘जय भीम’ म्हणावे. बौद्ध नसलेल्याने ते म्हणू नये असा कुठलाही दंडक नाही. मात्र निवडणुकीच्या दिवसांत किंवा काम काढून घेण्यापुरते म्हटलेले जय भीम लोक लगेच ओळखतात, आणि मग उत्तर मिळते ते फक्त मान हलवून.

सगळ्यांत अधिक जपावे लागते ते जोहारला. जो शब्द सपाटीवरच्या दलित वस्तीने अपमानाची खूण म्हणून टाकून दिला, तोच सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे भिल्ल-पावरा तरुण ‘जोहार’, ‘जय आदिवासी’ असे अभिमानाने म्हणतात. दोन्ही समाजांचे जोहार एकाच इतिहासातून आलेले नाहीत. आदिवासींचा जोहार कुणाच्या वाड्यासमोर घातलेला नाही, तो एकमेकांना घातलेला आहे आणि परत मिळतो. नर्मदा खोऱ्यातल्या विस्थापितांच्या गावांत तर आंदोलनामुळे ‘जिंदाबाद’ हेच भेटताना म्हणायचे अभिवादन झाले आहे, आणि तिथली लहान मुलेही पाहुण्याला मूठ उंचावून तसे म्हणतात.

समजा, कोल्हापूरकडून बदली होऊन आलेला एखादा कृषी सहायक पीक पाहणीसाठी चोपडा तालुक्यातल्या गावात सकाळी उतरला. पारावर त्याने आपण होऊन ‘राम राम मंडळी’ म्हणावे. शेताची वाट दाखवायला आलेल्या म्हाताऱ्याच्या गळ्यात माळ दिसली आणि तो ‘जय हरी’ म्हणाला, तर तेच शब्द परत करावेत. बौद्ध शेतकऱ्याच्या बांधावर जाताना त्याने ‘नमस्कार’ने सुरुवात करावी. 1779 साली ज्यावर पहारा होता तो शब्द आता सगळ्यांचा झालेला आहे. उत्तरादाखल जय भीम आला तर पुढच्या वेळेपासून आपणच आधी जय भीम म्हणावे. दुपारून डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावर पोहोचल्यावर मात्र त्याने जोहारची घाई करू नये. सोबतचा वाटाड्या काय म्हणतो ते ऐकावे, पाड्यातला माणूस काय परत करतो ते पाहावे, आणि मग तोच शब्द त्याच सुरात म्हणावा. सकाळी पारावर ऐकलेल्या राम रामाची सवय जिभेवर असते, म्हणून इथे चूक होण्याचा संभव अधिक असतो. तसे झाले तर लांबलचक माफी मागत बसण्यापेक्षा समोरून आलेले अभिवादन लगेच परत करून पिकाचे विचारावे.