उशाखालच्या विळ्याने न जाणारं स्वप्न

"अपघातानंतर रोज तेच स्वप्न पडतं. घरचे म्हणतात बाहेरचं लागलंय, उशाखाली विळा ठेव."

विळ्याने धीर येत असेल तर ठेवा, फक्त धार सांभाळा. पण ही बाधा नव्हे. एरवीच्या वाईट स्वप्नात कशाचा कशाला मेळ नसतो आणि चहा होईपर्यंत ते विरतं. आघातानंतरचं स्वप्न मात्र बऱ्याचदा घडलेलंच पुन्हा दाखवतं: तोच ट्रक, तोच ब्रेकचा आवाज, कधी डिझेलचा वासही. माणूस घामाघूम होऊन उठतो, मग झोपेचीच धास्ती घेतो.

पहिले काही आठवडे असं होणं स्वाभाविक आहे. अनेकांचं आपोआप ओसरतं. महिना उलटूनही थांबत नसेल, तो रस्ता टाळावासा वाटत असेल किंवा झोपेसाठी दारू लागत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जीव द्यावासा वाटला तर महिन्याची वाट नको, त्याच दिवशी जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रीही चालतो.

एका उपचारात जागेपणी स्वप्नाचा शेवट बदलून लिहितात, समजा ट्रक वेळेत थांबतो, आणि तो नवा प्रसंग रोज काही मिनिटं डोळ्यांसमोर आणतात. काही आठवड्यांत अनेकांची स्वप्नं विरळ होतात.