पापणीवरचे पिवळे चट्टे: आधी रक्त तपासा, मग काढा

डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला वरच्या पापणीवर तुरीच्या डाळीएवढा पिवळसर चट्टा येतो. बोटाला मऊ लागतो, किंचित उचललेला असतो. दुखत नाही, खाजत नाही. काही महिन्यांनी बहुधा दुसऱ्या पापणीवरही तसाच उमटतो. डॉक्टर याला झँथेलाझ्मा म्हणतात. चाळिशीनंतर तो जास्त दिसतो. सोलापुरात असा चट्टा घेऊन माणूस बरेचदा आधी पार्लरमध्ये किंवा ‘मस जाळून देणाऱ्या’कडे जातो. तिथे चट्टा जाईलही, पण तो कशामुळे आला हा प्रश्न तसाच राहतो.

चट्ट्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्वचेच्या वरच्या थरात फेसाळ दिसणाऱ्या पेशींची गर्दी दिसते. या मूळच्या सफाई करणाऱ्या पेशी, म्हणजे मॅक्रोफेज. रक्तातले एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, बारीक रक्तवाहिन्यांतून झिरपून त्वचेत येतात. तिथे त्यांचे ऑक्सिडीकरण झाले, की मॅक्रोफेज त्यांना गिळू लागतात. इतर पेशींना पुरेसे कोलेस्टेरॉल मिळाले, की त्या आपले दार बंद करतात. मॅक्रोफेजच्या या गिळण्याला तसा आवर नसतो, म्हणून पेशी कोलेस्टेरॉलने फुगत जाते आणि तिथेच बसते. चट्ट्याचा पिवळा रंग या साठ्याचाच. हृदयाच्या रोहिणीत जो थर साचतो, त्यातही याच जातीच्या फेसाळ पेशी असतात. चट्ट्याची दखल घ्यायची ती म्हणून.

मात्र चट्टा आहे म्हणजे कोलेस्टेरॉल वाढलेलेच असणार, असे नाही. असे चट्टे असलेल्या साधारण निम्म्या लोकांचा लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलची आणि चरबीची तपासणी, नॉर्मल येतो. मग ते निर्धास्त का? डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात 12,745 लोकांवर 1970 च्या दशकापासून तीन दशके नजर ठेवली गेली. त्याचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीला 4.4 टक्के लोकांच्या पापणीवर चट्टे होते. वय, धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळे हिशेबात धरूनही चट्टे असणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे 48 टक्क्यांनी जास्त निघाला. अभ्यास युरोपातल्या लोकांचा आहे, त्यामुळे आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नये. पण रिपोर्ट नॉर्मल आला तरी रक्तदाब, साखर, तंबाखू आणि घरात कमी वयात कुणाला झटका आला होता का, हे विचारणे सुटत नाही.

आता एक नमुना उदाहरण घेऊ. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर काम करणारी 46 वर्षांची बाई. दोन्ही वरच्या पापण्यांवर चट्टे. लिपिड प्रोफाइलमध्ये एकूण कोलेस्टेरॉल 248, ‘चांगले’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल 41, रक्तातली दुसरी चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड 180 (सगळे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). एलडीएल बरेचदा थेट मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भागही वजा करायचा. 248 वजा 41 वजा 36, म्हणजे 171. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असेल तर हा हिशेब चुकतो. मग उपाशीपोटी पुन्हा रक्त द्यावे, किंवा एलडीएल थेट मोजून घ्यावे. एरवी या तपासणीला उपाशी राहायलाच हवे असे नाही.

171 पाहून लगेच गोळी सुरू करायचा मोह होतो. पण त्याआधी कोलेस्टेरॉल कशाने वाढले ते पाहायचे. या बाईला थकवा आहे, बद्धकोष्ठता आहे, उन्हाळ्यातही पंखा नको वाटतो. सोलापूरच्या मे महिन्यात पंखा नको वाटणे हे लक्षणच समजावे. थायरॉईडचे काम कसे चालले आहे ते सांगणारा टीएसएच तपासला तर 14, म्हणजे वाढलेला निघाला, म्हणजे थायरॉईड मंद. थायरॉईड संप्रेरक कमी पडले, की यकृत रक्तातले एलडीएल कमी वेगाने उचलते आणि ते रक्तात साचते. अशा वेळी आधी थायरॉईडची गोळी देतात. टीएसएच जागेवर आल्यावर, साधारण दोन-तीन महिन्यांनी, लिपिड पुन्हा तपासायचे. समजा तेव्हा एकूण 209, एचडीएल 44, ट्रायग्लिसराइड 145 आले, तर एलडीएल 136 होते. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध, द्यायचे की नाही, हे आता या आकड्यावर आणि बाकीच्या जोखमीवर ठरेल. थायरॉईड मंद असताना स्टॅटिनमुळे स्नायू दुखण्याचा त्रासही वाढू शकतो, त्यामुळे हा क्रम पाळणे फायद्याचे आहे. थायरॉईडखेरीज मधुमेह, मूत्रपिंडातून प्रथिने जाणे आणि पित्त अडणे ही कारणेही तपासतात.

वेगळी काळजी घ्यायची ती एलडीएल 190 च्या वर असेल तेव्हा. टाचेमागच्या कंडरेवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर, किंवा हाताच्या मागच्या बाजूच्या कंडरांवर घट्ट गाठी, तरुण वयात बुबुळाभोवती पांढरी कडी, वडील किंवा भाऊ पन्नाशीच्या आत हृदयविकाराने गेलेले. यातले काही आढळले, तर हा आनुवंशिक विकार असू शकतो. मग भावंडे आणि मुलांचेही रक्त तपासायला हवे.

खाण्याचा प्रश्न निघाला की शेंगाचटणीवर आळ येतो. शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल अजिबात नसते, आणि त्यातले तेल बहुतांशी असंतृप्त असते. एलडीएल वाढवतात ते मुख्यतः तूप, लोणी, वनस्पती तूप, बेकरीची खारी आणि चरबीदार मटण यांतले संतृप्त मेद. कडक भाकरी आणि चटणी सोडून खारी-चहा धरणे म्हणजे उलटा कारभार.

चट्टा दिसायला खटकत असेल, तर काढता येतो. लहान असेल तर कापून, किंवा कार्बन डायऑक्साइड लेसर, रेडिओलहरी, ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल यांनी. सावळ्या त्वचेवर लेसर किंवा आम्लानंतर काळा किंवा पांढरा डाग राहू शकतो. जास्त कातडी काढली, तर पापणी बाहेर वळून डोळा नीट मिटत नाही. म्हणून हे काम त्वचारोग किंवा नेत्रतज्ज्ञाकडूनच करून घ्यावे. चामखिळीवर चुना-सोडा लावायची आपल्याकडची सवय इथे घातक आहे. चुना अल्कधर्मी असतो. डोळ्यात गेला तर बुबुळात खोल झिरपत जातो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. चुकून गेलाच, तर डोळ्यावर लगेच स्वच्छ पाण्याची धार किमान 20-30 मिनिटे धरून थेट नेत्ररुग्णालय गाठावे.

कोलेस्टेरॉल आटोक्यात आले म्हणून जुना चट्टा बहुधा विरत नाही, हेही आधीच सांगितलेले बरे. आणि काढलेला चट्टा पुन्हा येऊ शकतो. चारही पापण्यांवर पसरलेले असतील किंवा एलडीएल अजून चढलेलेच असेल, तर त्याची शक्यता जास्त. एकदा कापल्यावर पुन्हा आलेला चट्टा दुसऱ्यांदा कापला, तर तो परत येण्याची शक्यता आणखी वाढते, आणि कापायला कातडीही कमी उरलेली असते.